आठवा हर्डल आणि खालकर सरांचा नमस्कार

सायखेड्याच्या बाजारात कुणी नुसतं मोठ्याने "खालकर सर आले" म्हटलं, तरी निदान चाळीस माणसं हातातली भाजी खाली ठेवून ताठ उभी राहतील. त्यातली काही आता आजोबा व्हायला आली आहेत. सावळीराम खालकर एकतीस वर्षं त्या भागातल्या एका हायस्कूलात खेळ शिकवत होते आणि येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. आवाज असा की गोदावरीच्या पल्याडचा गुराखीसुद्धा दचकावा. गुडघे मात्र कुरकुरत. सर खाली बसले की उठायला कुणाचा तरी खांदा लागायचा, आणि खांदा देणाऱ्यालाच वर ऐकून घ्यावं लागायचं, "मी उठत होतोच, तू कशाला मधे कडमडलास?"

या एकतीस वर्षांत सरांची पोरं कबड्डीत विभागापर्यंत गेली, खो-खोत गेली, गोळाफेकीत तर एक राज्यापर्यंत जाऊन आला. हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, मात्र एकही पोर जिल्ह्याच्या पुढे गेलं नाही, आणि सरांची पहिली माया तर नेमकी हर्डल्सवरच. जाण्यापूर्वी एक तरी पोर विभागाला पाठवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. सरांच्या पोटात गोष्ट राहायची, पण चेहऱ्यावर तिची पाटी लागलेली असायची.

या मायेमागे एक जुनी फजिती होती. खेळाच्या मास्तरकीसाठी बीपीएडला असताना सर स्वतः हर्डल्स पळायचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिसऱ्या हर्डलला त्यांचा मागचा पाय लागला आणि हर्डल आडवा झाला. सावळीराम थांबले, वाकले, पडलेल्या हर्डलला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग पुढे पळाले. का? तर पाय लागला की नमस्कार करायचा, हे घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं. पुस्तकाला पाय लागला, नमस्कार. सुपाला लागला, नमस्कार. मग हर्डललाही झाला! सगळं मैदान हसून हसून लोळलं. त्या दिवसापासून त्यांचा वर्गमित्र शेखर त्यांना 'नमस्कार' म्हणू लागला, आणि तेहतीस वर्षं झाली तरी म्हणतोय. शेखर आता नाशिकला एका क्रीडा अकादमीत कोच आहे, अंगात भारीतलं जॅकेट, डोळ्यावर गॉगल. जिल्हा स्पर्धेत भेटला की चारचौघांत ओरडतो, "काय नमस्कार, यंदा तरी काही?" सर ऐकलंच नाही असं दाखवून दुसरीकडे बघतात.

तर अशा माणसाच्या हाताखाली हर्षाली आली.

हर्षाली आठवीत. घरचा भाजीपाला आणि झेंडू, गावाबाहेर दीड एकर. अंगाने काडी, पण पळायला लागली की वाट सोडायची नाही. सरांनी तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं ते शाळेची घंटा झाल्यावर. पोरगी फाटकातून न येता मागच्या शेताचे पाण्याचे पाट एकामागून एक ओलांडत येत होती, पाठीवर दप्तर, आणि एकाही पाटाशी तिचा वेग मोडत नव्हता. सरांनी तिला तिथेच थांबवलं. ती घाबरली, तिला वाटलं उशिरा आल्याबद्दल मैदानाला फेऱ्या लागणार.

"किती पावलं टाकतेस गं दोन पाटांच्या मधे?"

"मोजली नाय सर."

"मोजू नकोसच," सर म्हणाले. "उद्यापासून ग्राउंडवर ये."

शाळेकडे प्लास्टिकचे सहा नारिंगी कोन होते आणि अडगळीत चार गंजके हर्डल. सरांनी हर्डलना हातही लावला नाही. सुरुवातीला फक्त कोन. वीतभर उंचीचे कोन आडवे करून ओळीत मांडले आणि पोरांना सांगितलं, "ह्याच्यावरून उडी मारायची नाही. पळायचं. मधे काहीतरी पडलंय एवढंच, आपण आपलं पळतोय." आता एवढं सोपं सांगूनसुद्धा बंटी नावाच्या कार्ट्याने कोनासमोर थांबून दोन्ही पाय जुळवून बेडूकउडी मारली. सर म्हणाले, "वा! डबक्यात जाशील तर पहिला येशील." पण ओरडले नाहीत. कोन वीतभरच असल्यामुळे कुणाला भीती वाटत नव्हती, आणि भीती नसली की पाय आपोआप सरळ पडतात, हे सरांचं साधं शास्त्र होतं.

मग आली लय. दोन अडथळ्यांच्या मधे तीन पावलं. तीन टाकली की प्रत्येक वेळी तोच पाय पुढे जातो. चार टाकली की पाय बदलतो आणि गडबड होते. पाच टाकली तर तीच पावलं इवलीइवली होऊन वेग मरतो. सरांनी शाळेच्या लेझीम पथकातली हलगी आणली आणि मैदानाच्या कडेला बसून वाजवू लागले, "एक, दोन, तीन, वर! एक, दोन, तीन, वर!" ज्याचं पाऊल पुरत नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी कोन जवळ सरकवले. बाकीचे मास्तर पोरांना पाऊल ताणायला लावतात, त्यावर सरांचा भारी राग. "अंतर पोराच्या मापाचं करा! शर्ट शिवताना पोराला ओढून लांब करता का?" मग पाऊल जसं वाढेल तसा कोन टाचभर पुढे. हर्षालीचे कोन महिनाभरात सगळ्यांत पुढे गेले. हलगीच्या ठेक्यावर ती अशी जायची की वाजवता वाजवता सरांची मान हलायची.

इथवर सगळं छान चाललं होतं. घोळ पुढे झाला, आणि तो सरांच्याच हुशारीने झाला.

कोनानंतर थोडी उंची हवी होती. एकदम हर्डल नको, मधलं काहीतरी. सरांनी पोरांना सांगितलं, घरून दोन-दोन क्रेट आणा. त्या गावात घरात एक वेळ खुर्ची नसेल, पण टोमॅटोचे क्रेट असणारच. दुसऱ्या दिवशी मैदानावर रंगीबेरंगी क्रेटांची रांग लागली. दोन क्रेटांवर ठिबकची काळी नळी आडवी ठेवली. पाय लागला तर नळी पडेल, कुणाला इजा नाही. झकास!

हर्षाली पळाली. पहिल्या नळीवरून गेली, दुसऱ्या नळीला मागचा पाय लागला, नळी पडली. पोरगी गर्रकन थांबली, मागे वळली, वाकली आणि क्रेटला हात लावून नमस्कार केला.

सरांच्या हातातली हलगी थांबली. तेहतीस वर्षांमागचं मैदान त्यांच्या कानात हसायला लागलं.

"हे काय केलंस?"

"पाय लागला सर. माल भरायचा क्रेट हाय. लक्ष्मी असते ना त्याच्यात."

"रिकामा आहे तो!"

"रिकामा असला म्हणून काय झालं?"

सरांनी नळी उचलून पुन्हा क्रेटांवर ठेवली. बघता बघता साथ पसरली. ज्याचा पाय लागेल तो नमस्कार करू लागला. बंटी तर पाय न लागताही करायचा, कारण तेवढाच दम खायला मिळे. सरांनी फर्मान काढलं, "ग्राउंडवर कुणीही, कशालाही, कधीही नमस्कार करायचा नाही!" नेमके त्याच वेळी संस्थेचे अध्यक्ष फाटकातून आत येत होते आणि पोरं त्यांच्याकडे नुसती बघत उभी राहिली. त्याचा जाब सरांना द्यावा लागला तो वेगळाच.

शेवटी क्रेट घरी गेले आणि गंजके हर्डल बाहेर निघाले. हे लाकूड-लोखंड, ह्याच्यात कसली लक्ष्मी? सरांनी फळ्या खालच्या खाचेत बसवल्या आणि शिकवणी नव्याने सुरू केली.

आधी पुढचा पाय. "हर्षाली, दोन्ही हातात पाण्याच्या बादल्या आहेत. दार नुसतं लोटलेलं आहे. कसं उघडशील?"

तिने गुडघा वर उचलला आणि तळव्याने हवेत दार ढकललं.

"बास! हाच पुढचा पाय. आधी गुडघा, मग तळवा, सरळ समोर. बाजूने फिरवायचा नाही. आणि दार उघडलं की पाय लगेच खाली, तो हवेत ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. पुढच्या पायाच्या उलटा हात पुढे, अंग थोडं पुढे झुकलेलं. आणि उडी हर्डलला चिकटून नाही घ्यायची, लांबूनच. जवळ जाशील तर वर उडावं लागेल. वर उडालीस की वेळ हवेत गेला."

मागचा पाय म्हणजे खरी मेख. हर्षालीला सरांनी भिंतीला हात लावून हर्डलच्या कडेला उभं केलं आणि फक्त मागचा पाय हर्डलवरून आणायला लावला. मांडी घालताना जातो तसा गुडघा बाहेर, चवडा वर ओढून बाहेरच्या बाजूला, मग गुडघा काखेशी आणून समोर, आणि तिथून भरपूर मोठं पाऊल. रोज पन्नास वेळा. भिंतीशी तिचा पाय घड्याळासारखा फिरायचा. पण पळताना? दर हर्डलनंतर ती मान वळवून मागे बघायची! पाय लागला की नाही, हे बघायला. मान वळली की खांदा वळायचा, खांदा वळला की गुडघा खाली पडायचा, आणि तीन पावलांची चार व्हायची. म्हणजे पाय लागेल या धाकानेच पाय लागत होता.

"आता कशाला बघतेस? हा काही क्रेट नाही!" सर कळवळून ओरडले.

हर्षाली खाली बघत म्हणाली, "सर, गेल्या खंडेनवमीला तुम्हीच तर हर्डलची पूजा केली. हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हार आमच्याच मळ्यातला होता."

खरं होतं. दरवर्षी खंडेनवमीला सर शाळेचं सगळं क्रीडासाहित्य मांडून पूजा करत, चेंडूपासून गोळ्यापर्यंत. गंजक्या फळीवर कुंकवाचा पुसट डाग अजून दिसत होता. सर मटकन खाली बसले. उठताना हर्षालीनेच खांदा दिला आणि त्या दिवशी सर तिला काही बोलले नाहीत.

जिल्हा स्पर्धा दहा दिवसांवर आली. सरांनी सायकल काढली आणि मळ्यात गेले. हर्षालीची आजी गोजराबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. सर बांधावर बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि हळूच मुद्द्याला आले.

"मावशी, तुम्ही हर्षालीला सांगा, पळताना पाय लागला तरी नमस्कार करू नको म्हणून. तुमचं ती ऐकेल."

गोजराबाईचा हात थांबला. "का बरं? पाय लागला तर नमस्कार करायचा नाय? मास्तर, तुमी पोरींना शिकवता का बिघडवता?"

"अहो, पळताना थांबलं की बाकीच्या पोरी पुढे जातात."

"जाऊ द्या की. त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलं नसंल."

सरांनी कपाळाला हात लावला. मग कसं कोण जाणे, आपली ती जुनी गोष्ट त्यांनी गोजराबाईला सांगून टाकली. तिसरा हर्डल, नमस्कार, लोकांचं हसणं, शेखरने पाडलेलं नाव, सगळं. बायकोलाही सांगितली नव्हती, ती ह्या म्हातारीला जुड्या बांधता बांधता सांगितली. गोजराबाई हसली नाही. तिने दोन जुड्या बांधल्या आणि विचारलं, "मंग पुढं पळायचं सोडलं का तुमी?"

"सोडलं."

"नमस्कारापायी?"

"हसण्यापायी."

"हां. मंग चुकी नमस्काराची नाय." तिने तिसरी जुडी बांधली. "आवो मास्तर, औत जुंपायच्या आधी आमी भुईच्या पाया पडतो का नाय? मंग दिवसभर तुडवतोच की तिला. दर पावलाला वाकत बसलं तर पेरा कधी व्हायचा? आधीच पाया पडून घ्यायचं. मंग लागू द्या पाय कितीबी."

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना सुचलं नव्हतं! येताना त्यांना कोथिंबिरीच्या दोन जुड्याही मिळाल्या.

दुसऱ्या दिवसापासून हर्षालीचा नेम ठरला. पळण्याआधी ओळीतल्या प्रत्येक हर्डलपाशी जायचं, हात लावून तो कपाळाला लावायचा. मग सुरुवातीला येऊन उभं राहायचं. आणि काय सांगावं! मान वळायची थांबली. खांदा सरळ, गुडघा काखेशी, हलगी म्हणेल तशी तीन पावलं. पाय लागायचाच बंद झाला. चुकून लागला तरी पोरगी खुशाल पुढे जायची, तिचा हिशेब आधीच चुकता होता. सरांनी फळ्या चढवत चढवत स्पर्धेच्या अडीच फुटांवर नेल्या.

स्पर्धेच्या दिवशी नाशिकच्या स्टेडियमवर ही गर्दी. चौदा वर्षांखालील मुली, ऐंशी मीटर, आठ हर्डल. पहिल्या दोघी विभागाला जाणार. शेखर आपल्या अकादमीच्या पोरीला घेऊन आला होता, तिच्या पायात काट्यांचे बूट. "काय नमस्कार, यंदा तरी काही?" सरांनी ऐकलं नाही.

हर्षाली आपल्या रांगेत शिरली आणि एकेका हर्डलला नमस्कार करत निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. लोक बघायला लागले. सातवा झाला आणि एका पंचाने शिट्टी फुंकली. "ए मुली, बाहेर! रेस लावायचीय! देवळात आलीस का?" तो हात उडवत धावत आला आणि त्याने तिला सुरुवातीच्या रेषेकडे पिटाळलं. आठवा राहिला.

हे दोघांनीच पाहिलं, हर्षालीने आणि सरांनी. सर गर्दीतून वाट काढत आठव्या हर्डलच्या समोर दोरीपाशी येऊन उभे राहिले. तिथून करता येण्यासारखं काही नव्हतं, पण लांब उभं राहवेना.

बार झाला. आठ पावलांत हर्षाली पहिल्या हर्डलवर. एक, दोन, तीन, वर. सरांची बोटं स्वतःच्याच मांडीवर हलगी वाजवत होती. तिसऱ्याला ती चौथी होती, पाचव्याला तिसरी. बाकीच्या पोरींची पावलं थकून तिनाची चार होऊ लागली, हिची तीनच. सातव्यावरून उतरली तेव्हा शेखरच्या पोरीच्या मागे दुसरी, आणि तिसरी पोरगी दोन हात मागे.

मग आठवा समोर आला, आणि सरांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं, तिला आठवलं होतं. तिसरं पाऊल हर्डलच्या फार जवळ पडलं. ती वर उडाली, मागचा चवडा खाली लोंबला आणि फळीला लागला. खाडकन हर्डल आडवा.

पंचाने काही केलं नाही. चुकून पडलेला हर्डल गुन्हा नसतो, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. पण तिला काय त्याचं? तिची मान वळली. पाऊल अडखळलं. आता थांबणार, आता वाकणार.

सरांनी दोरीखालून मान घातली, धप्पकन दोन्ही गुडघ्यांवर बसले, मैदानाच्या कडेच्या चुन्याच्या फक्कीच्या रेघेवर दोन्ही हात टेकले, कपाळही टेकलं, आणि नदीपल्याड जाईल अशा आवाजात ओरडले, "मी केला गं! झाला नमस्कार! तू पळ!"

सगळं मैदान हसलं. तेच हसणं, तेहतीस वर्षांपूर्वीचं. सरांनी डोकं वर केलं तेव्हा त्यांना फक्त हर्षालीची पाठ दिसली. ती पळत होती. तिसरी पोरगी तिच्या खांद्याला खांदा लावून आली, दोघींनी छाती पुढे टाकली, आणि हर्षाली वीतभर आधी पोचली. दुसरी!

सर तिथेच बसून राहिले. आनंदाने म्हणावं तर ते होतंच, पण गुडघे अडकले होते हेही खरं. हर्षाली धापा टाकत परत आली आणि तिने खांदा पुढे केला. "सर, उठा ना. विभागाला जायचंय."

"मी उठत होतोच," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. हर्षाली बिचारी गोंधळून गेली, तिला वाटलं सरांचे गुडघे फारच दुखताहेत.

ती उठवत असतानाच शेखर आला. गॉगल कपाळावर चढवलेला, हसू आवरत नव्हतं. सरांच्या कपाळावर फक्कीचा पांढराशुभ्र पट्टा उमटला होता, तो बघून तो आणखी हसला. "अरे नमस्कार! परत? आज कुणाचा पाय लागला रे?"

तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच सरांनी त्या हाकेला ओ दिली.

"आमचा," ते म्हणाले, आणि कपाळ न पुसता हर्षालीचं नाव विभागाच्या यादीत लिहून घ्यायला टेबलाकडे निघाले.